हात चार, जोड्या सहा

मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोच्या जहाजावर मी दोन तास ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभा होतो. खेळायला नव्हे, बघायला. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि वर्गात ज्या खेळाची उदाहरणं देतो तो एकदा डोळ्यांनी नीट पाहावा, एवढाच हेतू होता. टेबलाशी पाच जण होते. डीलरपुढे छक्की उघडी होती. खेळणाऱ्यांपैकी कुणाकडे तेरा होते, कुणाकडे अठरा, एकाकडे तर जेमतेम बारा. सगळे थांबले. डीलरने झाकलेलं पान उलटलं, दश्शी निघाली. सोळा झाले म्हणजे नियमाप्रमाणे तिला आणखी एक पान घेणं भाग होतं. नव्वी आली. पंचवीस! एकवीसच्या पुढे गेली की ती हरते. पाचही जण एकदम ओरडले, पाचही जणांपुढे चिप्स सरकल्या. बारावाल्यालाही तेवढंच मिळालं.

पुढच्याच डावात डीलरने पहिल्या दोन पानांत वीस केले आणि ओळीने पाचही जणांच्या चिप्स गोळा झाल्या.

मला हवं होतं ते मिळालं होतं. प्रत्येकाची पानं वेगळी असतात, प्रत्येकाचा निर्णय वेगळा असतो, पण सगळ्यांचा सामना एकाच डीलरशी असतो. त्यामुळे ते पुष्कळदा एकत्र जिंकतात आणि एकत्र हरतात. आता ही पाच माणसं नसून पाचही हात एकाच माणसाचे आहेत असं समजा. कॅसिनोत हे चालतं. समोरच्या दोन-तीन चौकटी रिकाम्या असतील तर एकच खेळाडू तिथेही पैसे लावू शकतो. अशा माणसाने प्रत्येक हातावर किती लावावेत? एका हातावर जेवढे लावले असते तेवढेच प्रत्येकावर लावले तर काय बिघडतं? या साध्या प्रश्नाचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं, कारण ते पत्त्यांपुरतं राहत नाही.

सुरुवात एका हातापासून करू. १९५६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधले शास्त्रज्ञ जॉन केली यांनी एक निबंध लिहिला. दूरध्वनीच्या तारेतून किती माहिती जाते, याची सांगड त्यांनी पैज लावणाऱ्या माणसाच्या भांडवलाशी घातली. त्यांचा प्रश्न असा होता : तुमच्याकडे इतरांपेक्षा थोडी जास्त माहिती आहे, म्हणजे पैज तुमच्या बाजूला किंचित झुकलेली आहे, आणि जिंकलेले पैसे तुम्ही पुन्हा त्यातच घालणार आहात. तर प्रत्येक वेळी भांडवलाचा कितवा हिस्सा लावलात की दीर्घकाळात भांडवल सर्वांत वेगाने वाढेल? गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांना हा निबंध वाचायला सांगितला क्लॉड शॅनन यांनी. थॉर्प यांनी तोपर्यंत ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवून खेळाडूला बाजी आपल्याकडे झुकवता येते, हे सिद्ध केलं होतं. १९६१ साली दहा हजार डॉलर भांडवल घेऊन ते नेवाडात गेले आणि रक्कम दुपटीहून थोडी अधिक करून परतले. किती लावायचं, हे त्यांनी केलींच्या विचारावरून ठरवलं होतं.

केलींच्या सूत्रामागची गोष्ट अवघड नाही. दहा लाखांतले दहा टक्के गेले तर नऊ लाख उरतात. त्यावर दहा टक्के मिळाले तर नऊ लाख नव्वद हजार होतात. एकदा हरलो, एकदा जिंकलो, टक्केवारी सारखी, तरी दहा हजार कुठेतरी गेले. ते चढउताराने खाल्ले. पैज जितकी मोठी तितका हा चट्टा मोठा, आणि तो सरळ वाढत नाही. पैज दुप्पट केली की फायदा दुप्पट होतो, पण चढउतार चौपट खातो. म्हणून कमी लावलं तर फायदा थोडा, जास्त लावलं तर चढउतारच सगळं गिळतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी योग्य रक्कम असते.

आता आकडे घेऊ. गठ्ठ्यात दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त उरले आहेत आणि त्यामुळे खेळाडूला शंभर रुपयांमागे सरासरी एक रुपया सुटतो अशी वेळ आली आहे, असं धरू. भांडवल दहा लाख. ब्लॅकजॅकच्या एका हाताचा चढउतार, म्हणजे संख्याशास्त्रात ज्याला प्रचरण म्हणतात तो, साधारण १.३२ धरता येतो. तो एकापेक्षा थोडा जास्त, कारण कधी दीडपट मिळतात, कधी पैज मध्येच दुप्पट केली जाते, कधी जोडपान फोडून दोन हात केले जातात. योग्य हिस्सा काढायचा तर फायद्याला चढउताराने भागायचं : ०.०१ भागिले १.३२. उत्तर आलं पाऊण टक्क्याच्या जरा वर, म्हणजे दहा लाखांत सुमारे ७,६०० रुपये.

या रकमेवर दर डावाला सरासरी ७६ रुपये सुटतात. चढउतार त्यातले ३८ खातो. खऱ्या वाढीला ३८ उरतात. योग्य रकमेची ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : तिथे चढउताराने नेमका अर्धा फायदा खाल्लेला असतो.

आता शेजारची चौकट रिकामी आहे. तिथेही ७,६०० लावले. फायदा दुप्पट झाला, १५२ रुपये. दोन हातांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर चढउतारानेही दुप्पट, म्हणजे ७६ खाल्ले असते आणि वाढही दुप्पट झाली असती. पण डीलर एकच आहे. दोन हातांचं एकत्र हरणं-जिंकणं आकड्यात मांडलं तर ते साधारण ०.४८ येतं. याला सहप्रचरण म्हणतात आणि ते प्रत्येक जोडीमागे आणखी साडेसत्तावीस रुपये खातं. ७६ आणि २७ मिळून १०३ गेले, ४८ उरले. एका हातापेक्षा बरं, पण दुसऱ्या हाताने फक्त दहा रुपयांची भर घातली.

तिसरा हात घ्या, तोही ७,६०० चा. फायदा २२७ रुपये. स्वतःचे चढउतार तीन. पण जोड्या किती? पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा. तीन जोड्या झाल्या. एकूण १९६ रुपये गेले, उरले ३१. म्हणजे एका हातावर खेळणाऱ्यापेक्षाही कमी!

चौथा हात घ्या. हात चार, जोड्या सहा. दर डावाला ३०३ रुपये सरासरी फायदा आहे आणि चढउतार ३१७ खातो आहे. वाढ शून्याच्या खाली गेली. दर डावाला चौदा रुपयांनी भांडवल झिजतंय. प्रत्येक हातावर बाजी आपल्या बाजूला झुकलेली आहे, प्रत्येक हातावर लावलेली रक्कम त्या हातापुरती अगदी बरोबर आहे आणि तरी माणूस हळूहळू बुडतो आहे. या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावं अशी माझी विनंती आहे, कारण सगळा विषय इथे आहे. फायदा हातांच्या संख्येने वाढतो आणि एकमेकांत गुंतलेला चढउतार जोड्यांच्या संख्येने. दोनाला एक जोडी, तिनाला तीन, चाराला सहा, पाचाला दहा.

मग योग्य रक्कम कोणती? भागाकारात स्वतःच्या चढउताराबरोबर प्रत्येक सोबतीचं ०.४८ मिळवायचं. दोन हात असतील तर ०.०१ ला १.८० ने भागायचं, तीन असतील तर २.२८ ने, चार असतील तर २.७६ ने. दोन हातांवर प्रत्येकी सुमारे ५,६०० येतात, तीन हातांवर ४,४००, चार हातांवर ३,६००. मुरलेले खेळाडू दोन हातांसाठी एका हाताच्या रकमेचे पाऊण धरतात, ते इथूनच आलेलं आहे. अशा मापाने लावल्यावर वाढ दोन हातांना दर डावाला ५६ रुपये होते, तिनांना ६६, चारांना ७२. हात वाढवून नुकसान होत नाही, पण प्रत्येक नवा हात आधीच्यापेक्षा कमी भर घालतो. कितीही हात वाढवले तरी एकूण रक्कम वीस-एकवीस हजारांच्या पुढे जात नाही, कारण एका डीलरशी असलेली पैज कितीही तुकड्यांत वाटली तरी शेवटी तिचा मोठा भाग एकच असतो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. गठ्ठ्यातली पानं मोजकी असतात. टेबलाशी तुम्ही एकटेच असाल आणि एक हात खेळत असाल तर एका डावात दोन हातांची पानं जातात, तुमची आणि डीलरची. दोन हात घेतले तर तीन हातांची जातात. चांगली वेळ तेवढ्या लवकर संपते. वाढीचा हिशेब दर डावाऐवजी खर्च झालेल्या पानांवर मांडला तर एकट्या खेळाडूला एक हात आणि दोन हात जवळपास सारखेच पडतात. टेबल भरलेलं असेल आणि पानं तशीही इतर जण उचलणार असतील, तेव्हा मात्र दुसरा हात खरोखर कामाचा ठरतो.

आतापर्यंत जोडी नुकसान करणारी होती. ती फायद्याचीही असू शकते आणि त्यासाठी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जायला हवं. एका शर्यतीत एकच घोडा पहिला येतो. ‘अ’ जिंकला तर ‘ब’ हरलाच. इथे दोन पैजा एकत्र जिंकूच शकत नाहीत, त्या एकमेकींच्या उलट चालतात.

समजा तीन घोडे आहेत. तुमच्या अभ्यासाप्रमाणे ‘अ’ जिंकण्याची शक्यता ५० टक्के, ‘ब’ची ३० आणि ‘क’ची २०. बुकीच्या भावाने जिंकल्यास रुपयामागे मूळ रुपया धरून ‘अ’ला २ रुपये ४० पैसे परत येतात, ‘ब’ला ३ रुपये २० पैसे, ‘क’ला साडेतीन रुपये. ‘अ’वरचा रुपया सरासरी १ रुपया २० पैसे होतो, म्हणजे पैज चांगली. ‘ब’वरचा रुपया सरासरी ९६ पैसे होतो आणि ‘क’वरचा ७०. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, ‘अ’वर लावा, बाकीच्यांना हात लावू नका. एक लाख भांडवल असेल तर केली सूत्राप्रमाणे एकट्या ‘अ’वर १४,२८६ रुपये यावेत. ‘अ’ जिंकला तर १,२०,००० होतात, नाहीतर ८५,७१४ उरतात. वाढ दर शर्यतीला १.४ टक्के.

केलींनी १९५६ च्या त्या निबंधातच दाखवून दिलं होतं की हे उत्तर अपुरं आहे. सगळी शर्यत एकच पैज समजायची आणि आधी ठरवायचं ते हे की किती पैसे खिशात ठेवायचे. ज्या घोड्यांवर लावणार त्यांच्या शक्यता एकातून वजा करायच्या, त्यांच्या भावांचे व्यस्त एकातून वजा करायचे आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. फक्त ‘अ’ धरला तर खिशात ८५.७ टक्के ठेवावे लागतात. आता ‘ब’ला पारखायचं : त्याच्यावरचा रुपया ९६ पैसे होतो, हे ८५.७ पैशांपेक्षा जास्त आहे, म्हणून तो आत घ्यायचा. दोघांना धरून खिशात ठेवायचा वाटा ७३.८५ टक्क्यांवर येतो. ‘क’वरचा रुपया ७० पैसे होतो, तो याच्या खाली आहे, म्हणून तो बाहेर. मग प्रत्येक घोड्याची शक्यता घ्यायची आणि खिशातल्या वाट्याला त्याच्या भावाने भागून जे येईल ते तिच्यातून वजा करायचं. ‘अ’वर १९,२३० रुपये येतात आणि तोट्याच्या ‘ब’वर ६,९२०.

‘अ’ जिंकला तर हातात तेच १,२०,००० येतात. ‘ब’ जिंकला तर ८५,७१४ ऐवजी ९६,००० उरतात. ‘क’ जिंकला तर मात्र ७३,८५० उरतात, म्हणजे त्या बाजूने आपण जास्त उघडे पडलो. तरीही एकूण वाढ १.८ टक्क्यांवर गेली. ‘ब’वरचे पैसे हा विम्याचा हप्ता आहे. एकट्याचा हिशेब मांडला तर विमा नेहमीच तोट्याचा दिसतो, पण त्याच्या बळावर ‘अ’वर पाच हजार अधिक लावता आले. एखादी पैज चांगली की वाईट हे तिच्याकडे एकटं बघून ठरत नाही, सोबत काय लावलं आहे यावर ठरतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री उठून पुन्हा आकडेमोड करून बघावी लागली होती.

एक इशारा मात्र याला जोडायला हवा. टोटवर भाव आधी ठरलेला नसतो. सगळ्यांचे पैसे एकत्र करून, क्लबचा आणि सरकारचा वाटा कापून, उरलेले वाटले जातात. तुम्ही लावलेली मोठी रक्कम तुमचाच भाव पाडते. त्यात एकाच घोड्यावर विन आणि प्लेस दोन्ही लावणाऱ्यांना आपण विभागून लावलं असं वाटतं, पण घोडा पहिला आला तर दोन्ही जिंकतात आणि मागे पडला तर दोन्ही जातात. ती पुन्हा ब्लॅकजॅकसारखी जोडी झाली, विमा नव्हे.

थॉर्प यांनी १९९७ साली या सूत्रावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच ब्लॅकजॅक, खेळांवरच्या पैजा आणि शेअर बाजार ही तिन्ही नावं एकत्र आहेत. तिसरं नाव आपल्याला जास्त जवळचं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी चार खासगी बँकांचे शेअर घेतले होते आणि ‘मी सगळी अंडी एका टोपलीत ठेवलेली नाहीत’ असं ते मला समाधानाने सांगत. टोपल्या चार होत्या, पण त्या एकाच सायकलला टांगलेल्या होत्या. व्याजदर, बुडीत कर्जं, परदेशी गुंतवणूकदारांचा कल, या सगळ्यांच्या बाबतीत चारही बँकांचा डीलर एकच.

शिवाय पत्त्यांपेक्षा बाजार एका बाबतीत फार कठीण आहे. ब्लॅकजॅकचं ०.४८ संगणकावर लाखो डाव खेळवून मोजता येतं आणि ते उद्या बदलत नाही. शेअरांमधला सहसंबंध मागच्या नोंदींवरून काढावा लागतो आणि नेमक्या वाईट दिवशी तो वाढतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या दिवशी बँका, वाहनं, धातू सगळे एकत्र खाली गेले. एरवीच्या शांत महिन्यांत काढलेला सहसंबंध त्या दिवसासाठी निरुपयोगी होता.

आपल्या पैजा किती गुंतलेल्या आहेत हे ओळखायला एक सोपी पद्धत आहे. सरासरी बघू नका. मागच्या दोन-तीन वर्षांतले स्वतःचे सर्वांत वाईट दहा दिवस काढा आणि त्या प्रत्येक दिवशी किती पैजा एकदम तोट्यात होत्या ते मोजा. चारांपैकी चार, पुन्हा चारांपैकी चार असं दिसत असेल तर तुमच्याकडे चार पैजा नाहीत. एक आहे, आणि ती चौपट मोठी आहे.

सहसंबंध नीट माहीत नसेल तर काय करावं, याचं उत्तर अनुभवी लोक फार वर्षांपासून देत आले आहेत : सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मी लावा. निम्म्या रकमेला वाढ निम्मी होत नाही, पाऊणपट राहते, कारण चढउतार चौथाईवर येतो. आणि चूक झाली असेल तर ती पोटात घालायला जागा उरते. मघाचा चार हातांचा खेळाडू आठवा, जो प्रत्येक हातावर ७,६०० लावून झिजत होता. त्याला जोड्यांचं काहीच कळत नसतं आणि त्याने नुसती सवय म्हणून सगळं निम्मं केलं असतं, तर प्रत्येक हातावर ३,८०० आले असते. योग्य रक्कम ३,६०० आहे.

वरचा सगळा हिशेब शंभराला एक रुपया आपल्या बाजूला आहे, या एका गृहीतावर उभा आहे. मी पाहिलेल्या टेबलावरच्या पाचांपैकी कुणीही पानं मोजत नव्हतं. न मोजणाऱ्यासाठी तो रुपया कॅसिनोच्या बाजूला असतो, भागाकारात वर उणे चिन्ह येतं, आणि तिथे योग्य रक्कम एका हातावर शून्य, दोन हातांवर शून्य, पाचही हातांवर शून्यच असते.